रक्कम नंतर, रकाना आधी

शाळेची प्रवेशपुस्तिका उघडली की पहिल्या पानावर जलतरण तलाव असतो, दुसऱ्यावर रोबोटिक्सची प्रयोगशाळा, आणि पुढची आठ-दहा पाने हसऱ्या मुलांची. फीचा तक्ता मात्र बहुतेक वेळा पुस्तिकेत शिवलेला नसतो. मागच्या कव्हरच्या खिशात घडी घालून ठेवलेला तो एक सुटा कागद असतो. त्यात लबाडीच असते असे नाही. पुस्तिका दोन-तीन वर्षांसाठी एकदाच छापून घेतात आणि फी बदलत राहते, म्हणून कागद वेगळा ठेवतात. पण होते असे की चकचकीत पुस्तिका कपाटात जपून राहते आणि ज्याच्यावर सगळा व्यवहार उभा आहे तो कागद रद्दीत जातो. कित्येकदा त्या कागदावर तारीख नसते, सही-शिक्का नसतो, कोणत्या शैक्षणिक वर्षाचे आकडे आहेत तेही लिहिलेले नसते. असा कागद हातात आला तर पहिले काम हेच, की कार्यालयातून त्यावर वर्ष, शिक्का आणि सही घ्यावी. 'सगळ्यांना हाच देतो' असे उत्तर मिळेल. मिळू द्यावे आणि तरीही शिक्का मागावा.

आता तो कागद वाचू. पुणे-ठाण्याकडच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांच्या तक्त्यांत नेहमी दिसणाऱ्या नोंदी एकत्र करून मी एक नमुना जुळवला आहे. शाळा काल्पनिक आहे, प्रवेश पहिलीचा आहे. वर ठळक अक्षरांत 'वार्षिक शुल्क ९६,००० रुपये' असे आहे. त्याची फोड अशी: शिक्षण शुल्क ७२,०००, सत्र शुल्क दोन सत्रांचे मिळून १२,०००, उपक्रम व डिजिटल शुल्क १२,०००. त्याखाली बारीक टायपात आणखी दोन ओळी आहेत. प्रवेश शुल्क २५,०००, एकदाच. अनामत २०,०००, बिनव्याजी. आणि सर्वांत खाली, फुलीच्या खुणेपुढे: 'बस, गणवेश, पुस्तके, सहल व स्नेहसंमेलन यांचा खर्च वेगळा.'

घरातली चर्चा ९६,००० वर चालते. महिन्याला आठ हजार, जमेल. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी खिशातून काय जाते ते मांडून पाहा. बसचे महिन्याला २,५००, पण ते अकरा महिन्यांचे घेतात, म्हणजे २७,५००. गणवेशाचे दोन जोड, खेळाचा वेगळा, बूट, स्वेटर धरून ६,५००. पुस्तके आणि वह्यांचा संच ७,५००. सहल, स्नेहसंमेलन आणि त्या स्नेहसंमेलनासाठी एकदाच घालायचा चमकीचा पोशाख मिळून ३,५००. या सगळ्यात प्रवेश शुल्क आणि अनामत मिळवली की बेरीज १,८६,००० होते. ठळक आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. यातला एकही पैसा लपवलेला नव्हता. सगळे त्याच एका कागदावर होते, फक्त टायप लहान होत गेला.

पण निव्वळ बेरीज करून भागत नाही. प्रत्येक रुपया कोणत्या रकान्यात पडला आहे हे एकूण रकमेइतकेच महत्त्वाचे असते, कारण तो पैसा परत मिळेल का, तो पुढच्या वर्षी वाढेल का आणि त्यावर कोणाचे नियंत्रण आहे हे रकान्यावरून ठरते.

शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, प्रवेश शुल्क, अनामत हे नेहमीचे रकाने महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्याच्या कक्षेत येतात. हा कायदा २०११ चा, प्रत्यक्ष लागू झाला २०१४ पासून, आणि तो राज्यातल्या खाजगी शाळांना लागू आहे, मग मंडळ राज्याचे असो, सीबीएसई असो वा आयसीएसई. या कायद्याप्रमाणे व्यवस्थापन आपल्या मनाने फी ठरवू शकत नाही. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. या समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि तो सोडतीने निवडला जातो. समितीने मंजूर केलेली फी शाळेच्या सूचनाफलकावर लावायची असते.

आणि ही मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील असते. प्रवेश घेणाऱ्याने इथे एक साधा प्रश्न विचारावा, जो सहसा कोणी विचारत नाही: ही मंजुरी कोणत्या दोन वर्षांची आहे आणि आपला प्रवेश त्यातल्या पहिल्या वर्षी होतो आहे की दुसऱ्या? दुसऱ्या वर्षी होत असेल तर तुम्हाला दाखवलेला ९६,००० चा आकडा संपायला एकच वर्ष उरले आहे आणि पुढची फी तुमचे मूल शाळेत पाऊल टाकण्याआधीच किंवा टाकताच ठरणार आहे. वाढ दहा टक्के धरली तरी दुसऱ्या वर्षाचे १,०५,६०० होतात. काही ठिकाणी दोन वर्षांचे दोन वेगळे आकडे एकाच वेळी मंजूर करून घेतात. ते असतील तर दोन्ही मागून घ्यावेत. उत्तर कार्यालयाकडे तयार असते, कारण ठरावाचे इतिवृत्त त्यांच्याच फाइलीत असते.

दुसरा गठ्ठा 'उपक्रम', 'डिजिटल', 'विकास', 'स्मार्ट क्लास' अशा नावांचा. ही नावे शाळेगणिक बदलतात आणि म्हणूनच ती तपासायची. पाहायचे एवढेच, की ही रक्कम समितीने मंजूर केलेल्या तक्त्यात आहे की बाहेरून चिकटवलेली आहे. तक्त्यात असेल तर ती फीचाच भाग झाली. नसेल, आणि तरी ती प्रत्येकाला सक्तीची असेल, तर ती कशाच्या आधारावर घेता हे लेखी विचारावे. शिक्षण हक्क कायद्यात कॅपिटेशन फीची व्याख्या फार सोपी आहे: शाळेने जाहीर केलेल्या शुल्काखेरीज घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी वा रक्कम. तशी ती घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून 'इमारत निधी, ऐच्छिक' अशी ओळ दिसली तर ती खरोखर ऐच्छिक आहे का हे पाहायचा एकच मार्ग, ती न भरता प्रवेश होतो का ते विचारणे. त्या पैशाची पावती शाळेच्या नावाने न देता ट्रस्टच्या नावाने 'देणगी' म्हणून देतात. एकदा देणगीची पावती घेतली की मूल उद्या शाळा सोडून गेले तरी ते पैसे परत मागायला तुमच्याकडे कागद उरत नाही. उलट तुम्ही ते स्वखुशीने दिलेत असा कागद त्यांच्याकडे असतो.

रकान्याचा परिणाम प्राप्तिकरातही दिसतो. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांना दोन मुलांपर्यंत फक्त शिक्षण शुल्काची वजावट मिळते. विकास निधी, देणगी, बस यांची मिळत नाही. ९६,००० भरून ७२,००० चीच वजावट का मिळाली याचे उत्तर त्या फोडीत असते. पावतीवर फोड नसेल आणि 'वार्षिक शुल्क' एवढेच लिहिले असेल, तर मार्चमध्ये कार्यालयाच्या खिडकीपुढे रांग लावावी लागते.

तिसरा गठ्ठा शाळेबाहेर जाणाऱ्या पैशांचा. इथे तक्ता सोडून पैसे कोणाच्या खात्यात जातात ते पाहायचे. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने प्रवेशाच्या दिवशी मोबाइलवर तीन वेळा पैसे भरले. तिन्ही वेळा एकच ॲप, पडद्यावर शाळेचेच बोधचिन्ह. घरी आल्यावर बाईंनी बँकेचे संदेश वाचले तर एक रक्कम ट्रस्टच्या नावावर, दुसरी कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आणि तिसरी गणवेशवाल्याकडे गेलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीवर विचारले.

"दादा, ही कंपनी कोणाची?"

"मॅडम, ते ॲक्टिव्हिटीचं. ते बाहेरचे लोक बघतात."

"आणि नाव काढलं मुलाचं, तर हे पैसे कोण परत देणार?"

"ते त्यांचं त्यांना विचारावं लागेल. आमच्याकडे नसतं ते."

कारकुनाने खरे तेच सांगितले, आणि हीच माहिती पैसे भरण्याआधी हवी होती. उपक्रम, पाळणाघर, बस ही कामे वेगळ्या ठेकेदाराकडे असली की शाळेचा परताव्याचा नियम त्या पैशांना लागू होईलच असे नाही. त्यांचे नियम वेगळे असतात, बहुतेक वेळा ॲपमधल्या 'अटी मान्य' या चौकोनामागे. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: शालेय शिक्षणाच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. एखाद्या 'फी'च्या पावतीवर जीएसटी लावलेला दिसला, तर तो पैसा शाळेची फी म्हणून न घेता कुणीतरी विकलेली वस्तू किंवा सेवा म्हणून घेतलेला आहे, असे समजून पुढचे प्रश्न विचारावेत.

गणवेश आणि वह्या-पुस्तके अमुकच दुकानातून घ्या ही सक्ती चालत नाही. सीबीएसईने २०१७ साली संलग्न शाळांना आवारात अशी विक्री न करण्याबद्दल स्पष्ट सांगितले आहे. तरी बोधचिन्ह विणलेला टी-शर्ट एकाच दुकानात मिळतो, ही वस्तुस्थिती. मी यावर फार भांडत नाही. मागच्या वर्षीचा गणवेश आणि पुस्तके चालतील का एवढे विचारून घेतले तरी दोन-तीन हजार वाचतात. बसचे मात्र विचारावे: प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असायची असते, तिथे भाडे आणि थांबे ठरतात. सुट्टीच्या महिन्यांचे भाडे घेतात का आणि बस मध्येच बंद केली तर किती महिन्यांचे भरावे लागते, हे दोन मुद्दे त्या समितीच्या कागदात असतात.

आता परतावा. पुस्तिकेतला हा सगळ्यात छोटा मजकूर, पण वाचायला मी इथूनच सुरुवात करतो. आपल्या नमुन्यातली अट अशी आहे: '३१ मार्चपूर्वी लेखी अर्ज केल्यास प्रवेश शुल्क वगळता सर्व रक्कम परत. १ एप्रिल ते शाळा सुरू होईपर्यंत शिक्षण शुल्काच्या ५० टक्के व अनामत परत. शाळा सुरू झाल्यावर केवळ अनामत परत.' वाचायला ठीक वाटते. आता त्यात पैसे घालून पाहू.

समजा प्रवेश डिसेंबरमध्ये झाला. त्या वेळी प्रवेश शुल्क २५,०००, अनामत २०,००० आणि सहामाही फी ४८,००० भरली. एकूण ९३,०००. मार्चच्या शेवटी वडिलांची नागपूरला बदली झाली. २८ मार्चला अर्ज दिला तर ४८,००० आणि २०,००० मिळून ६८,००० परत येतात, बुडतात २५,०००. तोच अर्ज ३ एप्रिलला दिला तर? पालकांचा हिशेब असा असतो की ४८,००० चे निम्मे, म्हणजे २४,००० मिळतील. पण अटीत 'शिक्षण शुल्काच्या' असे आहे. सहामाहीच्या ४८,००० पैकी शिक्षण शुल्क ३६,००० च आहे, बाकी सत्र आणि उपक्रम शुल्क. म्हणून मिळतात १८,०००, अधिक अनामतीचे २०,०००. एकूण ३८,००० परत आणि ५५,००० गेले. सहा दिवसांच्या फरकाने ३०,००० रुपयांचा फटका. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोन दिवसांनी नाव काढले तर ७३,००० गेले, हाती फक्त अनामत.

म्हणून अटीतल्या तारखेबरोबर आणखी एक गोष्ट विचारायची: अर्जाची तारीख कोणती धरणार? टपालात टाकल्याची, ईमेल पाठवल्याची की कार्यालयाने शिक्का मारल्याची? ३१ मार्चच्या आसपास सुट्ट्या असतात, कार्यालय बंद असते. ईमेल चालते असे त्यांनी आधी लिहून दिले असेल तर ते सहा दिवस वाचतात. तसेच 'शाळा सुरू' म्हणजे मुलाचा पहिला दिवस की वर्षाची औपचारिक सुरुवात? सीबीएसईच्या कित्येक शाळांत एप्रिलमध्येच वर्ग सुरू होतात, आणि पालक मात्र मनात जून धरून बसलेले असतात.

अनामतीबद्दल लोक निर्धास्त असतात, कारण ती 'परत मिळणारी' असते. पहिलीत भरलेले २०,००० दहावीनंतर परत मिळाले तर दहा वर्षे झालेली असतात. सहा टक्के व्याजाने तेच पैसे सुमारे ३५,८०० झाले असते. म्हणजे अनामतीचा खरा खर्च पंधरा-सोळा हजारांचा आहे. तो मान्य असेल तर ठीकच. पण दाखला घेतल्यापासून अमुक महिन्यांत मूळ पावतीसह अर्ज न केल्यास ती रक्कम शाळेच्या निधीत जमा होईल, अशी ओळ पुष्कळदा असते, आणि दहा वर्षांपूर्वीची मूळ पावती घरात सापडणे कठीण. पावती मिळाली त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवावा आणि प्रत चालते का ते विचारावे.

पैसे भरून नंतर अडकणाऱ्यांत एक मोठा वर्ग पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीची वाट पाहणाऱ्यांचा असतो. सोडतीत नाव लागेल की नाही माहीत नसते, म्हणून हाताशी असावी अशी एक शाळा धरून ठेवतात. सोडत वेळेवर झाली तर प्रश्न नाही. पण २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, जुलैमध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला, आणि त्यानंतर प्रवेश मार्गी लागले. तोवर इतर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. आपल्या नमुन्यातल्या अटीप्रमाणे अशा कुटुंबाला अनामतीखेरीज काहीच परत मिळाले नसते. सोडतीचा अर्ज भरलेल्यांनी म्हणून प्रवेश घेतानाच विचारावे, की सोडतीत नाव लागले तर परताव्याला वेगळा नियम आहे का. काही शाळा देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आणखी एक नवी गुंतागुंत हप्त्यांची. 'फी बारा हप्त्यांत, व्याज नाही' असे सांगून प्रवेशाच्या टेबलाशेजारीच एक तरुण बसलेला असतो. हे हप्ते शाळा देत नाही. एखादी वित्तसंस्था वर्षाची सगळी फी शाळेला एकरकमी देते आणि तुमच्या नावावर कर्ज होते. मूल तिसऱ्या महिन्यात शाळा सोडून गेले तरी कर्ज तुमचेच राहते. शाळेकडून परतावा मिळायचा तेव्हा मिळेल, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जाईल. दोन्ही कागद वेगळे, दोन्हींच्या अटी वेगळ्या. तरुणाच्या हातातल्या टॅबवर सही करण्याआधी एवढेच विचारायचे: प्रवेश रद्द झाला तर उरलेली रक्कम शाळा तुम्हाला परत देते की आम्हाला भरावी लागते?

एवढे करूनही वाद झालाच तर दाद कुठे मागायची? इथे पालकांचे अंदाज सहसा चुकतात. पहिला विचार ग्राहक मंचाचा येतो. पण शिक्षण ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' आहे का यावर न्यायालयांत बराच काळ मतभेद आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये शिक्षणसंस्था, प्रवेशाच्या आधीच्या आणि नंतरच्या त्यांच्या कामांसकट, ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवल्या. खाजगी शिकवणी वर्ग मात्र आत राहिले. त्यामुळे कोचिंग क्लासने दोन वर्षांची फी अडवली तर तो रस्ता बराच मोकळा आहे, शाळेच्या बाबतीत नाही. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने परताव्याचे जे नियम केले आहेत, तेही शाळांना लागू होत नाहीत. राज्याच्या शुल्क कायद्यातली विभागीय शुल्क नियामक समिती निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते, पण तिचे काम फी किती असावी हे ठरवणे. त्यातही पालकांना तक्रार घेऊन जायचे तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. तुमचे एकट्याचे ५५,००० परत मिळवून देण्यासाठी ती नाही.

एका गोष्टीत मात्र कायदा स्पष्टपणे पालकाच्या बाजूने आहे. 'फीचे बघू, तोवर दाखला मिळणार नाही' असे म्हणून शाळा मुलाला अडकवून ठेवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार पहिली ते आठवीच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी सरकारी वा अनुदानित शाळाही प्रवेश नाकारू शकत नाही. ज्या पालकांना हे ठाऊक नसते, ते दाखल्यासाठी परताव्यावर पाणी सोडतात. दोन्ही अर्ज वेगवेगळ्या कागदांवर द्यावेत आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्यावा. दाखला न मिळाल्यास जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, त्या आवक क्रमांकासह जायचे.

परताव्यासाठी शेवटी उरतो तो करार, म्हणजे पुस्तिका, तो सुटा कागद आणि प्रवेश अर्जाच्या शेवटी असलेले हमीपत्र. हमीपत्रात 'शाळेचे सर्व नियम व त्यातील वेळोवेळी होणारे बदल मला मान्य आहेत' असे छापलेले असते आणि पालक फोटो चिकटवता चिकटवता त्यावर सही करतात. ती ओळ खोडायला शाळा देणार नाही. पण सहीच्या दिवशी लागू असलेले नियम कोणते होते हे दाखवणारी प्रत आपल्याकडे असेल तर 'बदल' कोणता आणि केव्हा झाला हे विचारता येते. म्हणून पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी पाठवाव्यात: सोबत जोडलेला फी तक्ता या शैक्षणिक वर्षाचा आहे का, मंजुरीचे हे कितवे वर्ष आहे, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ईमेलने चालतो का, आणि परताव्यात सत्र व उपक्रम शुल्क धरले जाते का. वर सांगितलेल्या बाईंनी नंतर धाकट्याच्या वेळी हेच केले. उत्तर दोन दिवसांनी आले, दोन ओळींचे, आणि त्यात उपक्रम शुल्क 'संबंधित संस्थेच्या नियमांनुसार' असे लिहिले होते. त्यांनी उपक्रम शुल्क वगळून बाकीची रक्कम भरली. प्रवेश झाला.